मेलमधलं तिसरं उदाहरण

संपादकांनी सांगितलं, "तुमच्या कामाबद्दल लिहा, पण आकडे कमी ठेवा." विक्री विभागाच्या इन्सेंटिव्हचे नियम बसवून देणं हे माझं काम. त्यातून आकडे काढले तर उरतं काय? तरी प्रयत्न करतो.

गेल्या वर्षी एका खाद्यपदार्थांच्या कंपनीने विक्री अधिकाऱ्यांना एक मेल पाठवला. विषय: इन्सेंटिव्ह योजनेतील बदल, 1 ऑक्टोबरपासून लागू. मेल दीड पानाचा होता, भाषा नम्र होती आणि खाली तीन उदाहरणं सोडवून दाखवली होती. आठवड्याभरात निम्मी फौज बिथरली आणि मला बोलावणं आलं. तो मेल मी अजून जपून ठेवलाय, कारण त्यात चुकीचं असं एकही वाक्य नाही.

जुना नियम असा होता. महिन्याचं टार्गेट दहा लाख. नऊ लाखांच्या आत काहीच नाही. नऊ ते दहा लाखांत पडलात तर सगळ्या विक्रीवर अर्धा टक्का आणि दहा लाख गाठले की सगळ्या विक्रीवर एक टक्का. म्हणजे 9,95,000 ला मिळणार 4,975 रुपये आणि 10,05,000 ला 10,050. दहा हजारांचा माल जास्त गेला की खिशात पाच हजारांहून जास्त पडतात. महिनाअखेरीला स्टॉकिस्टच्या गोडाऊनमध्ये माल ढकलला जातो तो असल्या पायरीमुळे. लोक याला विक्रीवाल्यांचा लोभ म्हणतात. लग्नात, बारशात कोणीतरी मला ऐकवतंच, "तुम्ही गाजर दाखवता, ते धावतात." गाजर वगैरे काही नसतं हो. घराचा हप्ता असतो, आणि ज्याचा हप्ता पाच हजारांच्या फरकावर अडलाय तो माणूस 30 तारखेला स्टॉकिस्टच्या दुकानात रात्री दहापर्यंत बसून राहतो.

कंपनीने दोन बदल केले आणि दोन्ही मला पटतात. पहिला: इन्सेंटिव्ह प्रायमरीवर नाही, सेकंडरीवर. कंपनीकडून स्टॉकिस्टकडे जातो तो माल प्रायमरी आणि स्टॉकिस्टकडून किराणा दुकानात जातो तो सेकंडरी. गोडाऊनमध्ये ढकललेल्याला आता किंमत नाही. दुसरा: पायरी काढून उतार केला. आठ लाखांपर्यंत काही नाही, आठ ते दहामधल्या तेवढ्याच भागावर 4 टक्के, दहाच्या वरच्या भागावर 6 टक्के. आयकरात जसा वरचा दर फक्त वरच्या रकमेला लागतो, तसंच.

आता ती तीन उदाहरणं. साडेनऊ लाखांना आधी 4,750 मिळायचे, आता 6,000. साडेदहाला 10,500 चे 11,000. बारा लाखांना 12,000 चे थेट 20,000. वाचणाऱ्याला वाटेल, पगारवाढच झाली. फक्त बरोब्बर दहा लाखांचा हिशोब मांडून बघा: आधी 10,000, आता 8,000. 10,05,000 ला 10,050 चे 8,300. ही तूट भरून निघते ती 10,40,000 ला. नऊ लाखांच्या जरा वरही थोडं कमी मिळतं, पण तिथे माणसं मोजकीच. दहा आणि दहा-चाळीसच्या मध्ये मात्र गर्दी होती, कारण जुन्या नियमानेच सगळ्यांना वर्षानुवर्षं तिथे आणून उभं केलं होतं. टार्गेट झालं की बाकीची ऑर्डर पुढच्या महिन्यासाठी राखून ठेवायची, हे कोणालाही शिकवावं लागत नाही. म्हणजे उदाहरणं जिथे माणसं नव्हती तिथली दिली आणि माणसं जिथे होती तिथलं दिलंच नाही. मेल लिहिणाऱ्याने हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. त्याने गोल आकडे घेतले. पण विक्री अधिकारी नियम वाचत नाही, तो उदाहरणात आपला आकडा शोधतो. तो सापडला नाही की स्वतः कॅल्क्युलेटर काढतो आणि मग आपल्यापासून काहीतरी लपवलं असं त्याला वाटतं. मी तेव्हापासून उदाहरणं आधी लिहितो आणि त्यातलं एक तरी नुकसानीचं ठेवतो. व्यवस्थापनाला ते खटकतं. "उगाच कशाला दाखवायचं?" अहो, ते दिसणारच आहे. तुम्ही दाखवलंत तर निदान शेजारी एक ओळ लिहिता येते की पहिले तीन महिने हा फरक कंपनी देईल.

तारखेबद्दल मी जरा जास्तच बोलतो, घरच्यांनी आता ऐकणं सोडलंय. "1 ऑक्टोबरपासून लागू" म्हणजे काय लागू? ऑक्टोबरात घेतलेल्या ऑर्डरला, ऑक्टोबरात निघालेल्या बिलाला, की ऑक्टोबरात हातात पडणाऱ्या, म्हणजे सप्टेंबरच्या इन्सेंटिव्हला? तिन्ही अर्थ त्या ओळीत मावतात. नांदेडकडच्या एका विक्री अधिकाऱ्याने 29 सप्टेंबरला साठ हजारांची ऑर्डर सिस्टीममध्ये टाकली. सहामाही स्टॉक मोजणीसाठी डेपोचं बिलिंग बंद होतं, दोन तारखेची सुट्टी आली, बिल निघालं 3 ऑक्टोबरला. ती ऑर्डर धरून त्याचा सप्टेंबर 10,20,000 चा होता, म्हणजे 10,200 रुपये. अकाउंट्सने बिलाची तारीख धरली, तेव्हा तो 9,60,000 वर आला आणि हातात पडले 4,800. तोच माल ऑक्टोबरात दुकानांत गेला आणि सगळा 6 टक्क्यांच्या भागात बसला, असं धरलं तरी 3,600. म्हणजे निदान अठराशे रुपये हवेत गेले आणि त्यात त्याचा दोष काहीच नाही. यावर मी लिहून दिलेली ओळ अशी:

"30 सप्टेंबरपर्यंत सिस्टीममध्ये नोंदलेली आणि 10 ऑक्टोबरपर्यंत बिल झालेली ऑर्डर सप्टेंबरची धरली जाईल व तिला जुना नियम लागेल."

रुक्ष आहे, पण भांडण मिटतं.

मेल कधी पाठवायचा, यावर आमच्या धंद्यात दोन तट आहेत. महिनाभर आधी सांगितलं तर सप्टेंबरभर लोक गोडाऊनं भरतील, त्यावर प्रायमरीचा इन्सेंटिव्ह घेतील आणि तोच माल ऑक्टोबरात बाहेर पडला की सेकंडरीचाही घेतील. एका खोक्यावर दोनदा पैसे. म्हणून पुष्कळ साहेब मेल शेवटच्या दिवशी पाठवतात, काही तर लागू होऊन गेल्यावर. कायद्यालाही हे फारसं रुचत नाही: 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात वेतनाच्या व्याख्येतच विक्रीवरचं कमिशन होतं आणि कामगार ठरणाऱ्याची अशी सेवाशर्त बदलायची तर 21 दिवस आधी नोटीस द्यावी लागे. नव्या संहितेतही ते 21 दिवस आहेत. विक्री अधिकारी कामगार ठरतो का, हा वाद वकिलांनी घालावा. माझं मत साधं आहे. आधी सांगा, 30 सप्टेंबरला प्रत्येक स्टॉकिस्टकडचा शिल्लक माल मोजून घ्या आणि दोनदा जाणारे पैसे एकदाचा खर्च म्हणून सोसा. माझ्या ओळखीचे दोन फायनान्सवाले यावरून माझ्याशी बोलत नाहीत.

कंपनीने अखेर नांदेडच्या माणसाचे पैसे दिले आणि तीन महिने फरकही दिला. गोडाऊनं खरंच हलकी झाली. मग जानेवारीत एका एरियाची सेकंडरी एकदम फुगली. खाली बघितलं तर 31 तारखेला निघालेली किराणा दुकानांची बिलं, आणि 4 फेब्रुवारीला त्याच दुकानांच्या, तेवढ्याच रकमेच्या क्रेडिट नोटा. माल गोडाऊनमधून हललाच नव्हता. म्हणून परत आलेला माल ज्या महिन्यात विकला त्याच महिन्यातून वजा करायचा, असा नियम आता करायचाय. त्याचा मेल सध्या माझ्याकडे तपासायला आलाय. उदाहरणं तीन आहेत, तिन्हींत माल परत आलेला नाही.