गोडं तेल, कडवं तेल आणि खोबरेल

भाषा शिकवणाऱ्या माणसाला किराणा दुकानातल्या शब्दांतही धडा दिसतो. मराठीत शेंगदाण्याच्या तेलाला आपण गोडं तेल म्हणतो, पण ते काही साखरेसारखं गोड नसतं. आमच्या भिवंडीत यंत्रमागाच्या कामासाठी उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली कुटुंबं मोहरीच्या तेलाला 'कडवा तेल' म्हणतात आणि तेही कारल्यासारखं कडू नसतं. खोबरेल म्हटलं की निम्म्या महाराष्ट्राला डोक्याला लावायची बाटली आठवते. माझी अम्मी मात्र कोकणातली, तिच्या ओट्यावर खोबरेल फोडणीच्या भांड्याशेजारी असायचं.

माझ्या वर्गात मधल्या सुट्टीत डबे उघडले की तिन्ही तेलांचे वास एकदम येतात. मुलं एकमेकांच्या डब्यांना नावं ठेवतात. "टीचर, इस के डिब्बे में बाल का तेल है," अशी तक्रारही एकदा आली होती. मला वाटतं, या तेलांमध्ये चांगलं-वाईट ठरवण्यापेक्षा कोणतं तेल किती तापवायचं हे समजून घेणं जास्त कामाचं आहे.

प्रत्येक तेलाची एक मर्यादा असते. तिच्यापुढे तापवलं की कढईतून पातळ निळसर धूर निघू लागतो. म्हणजे तेल मोडायला लागलं. त्याचा वास डोळ्यांना झोंबतो आणि पदार्थाला जळकट चव येते. घाण्याचं, न शुद्ध केलेलं खोबरेल साधारण 175 अंश सेल्सिअसच्या आसपास धुरावतं. रिफाइंड शेंगदाणा तेल 230 अंशांच्या आसपास पोहोचतं. मोहरीचं तेल त्याहूनही वर, अडीचशेच्या जवळपास टिकतं. हे आकडे अंदाजाचेच धरायचे. तेल जुनं असेल, त्यात गाळ असेल किंवा ते आधी तळणीला वापरलेलं असेल, तर धूर बराच लवकर येतो. घाण्याचं शेंगदाणा तेलही रिफाइंडच्या खूप आधी धुरावतं.

आता एकच पदार्थ घेऊन बघू. सुरमईच्या तीन सारख्या तुकड्या, बोटभर जाडीच्या. मीठ, हळद, तिखट आणि कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवलेल्या, वरून तांदळाचं पीठ. मी हे घरी करून पाहिलं तेव्हा तळणीत बुडवायचा स्टीलचा थर्मामीटर वापरला होता. तो नसेल तर पिठाचा छोटा गोळा तेलात टाकावा. तळाशी जाऊन सावकाश वर आला तर तेल मंद आहे, टाकताक्षणी फसफसून वर आला तर साधारण 180 अंश झाले असं समजावं.

पहिली तुकडी खोबरेलात. इथे आच मध्यम ठेवायची आणि तेल 160 ते 165 अंशांवर धरायचं. दर बाजूला चार मिनिटं लागतात. आच मोठी केली तर खोबऱ्याचा वास जाऊन करपलेल्या नारळाचा वास येतो, म्हणजे ज्यासाठी खोबरेल घेतलं तेच हरवतं. दुसरी तुकडी शेंगदाणा तेलात, 180 अंशांवर, दर बाजूला तीन मिनिटं. कवच जास्त कुरकुरीत होतं आणि तेलाची स्वतःची चव मागे राहते. माशाची आणि मसाल्याची चव पुढे यावी असं वाटत असेल तर हेच तेल घ्यावं.

तिसरी तुकडी मोहरीच्या तेलात. इथे पुष्कळांचा गैरसमज होतो. आमच्या शेजारच्या दरभंग्याच्या भाभी तेल आधी धुरावेपर्यंत तापवतात. त्याचा पिवळा रंग फिका पडला की गॅस बंद करून दोन-तीन मिनिटं थांबतात आणि मगच पुन्हा आच लावून मासा सोडतात. मासा तळला जातो तो 180 अंशांनाच, शेंगदाणा तेलाएवढाच. आधीचा धूर तळण्यासाठी नसतो, तो तेलाचा झणका उतरवण्यासाठी असतो. धूर दिसला की लगेच आच बंद करायची, तसंच तापत ठेवायचं नाही.

हा झणका कुठून येतो तेही सांगते. मोहरीच्या अख्ख्या दाण्याला फारसा तिखटपणा नसतो. दाणा भरडला गेला आणि थोडा ओलावा मिळाला की त्यातलं एक विकर कामाला लागतं आणि नाकात जाणारं तिखट द्रव्य तयार होतं. म्हणून मोहरी वाटून लोणच्यात घातली की ती झणझणीत लागते आणि फोडणीत तडतडलेली लागत नाही, कारण उष्णतेने ते विकरच निकामी होतं. घाण्याच्या तेलात हे द्रव्य तयार होऊनच आलेलं असतं. ते सहज उडून जाणारं आहे, त्यामुळे तेल धुरावल्यावर बरंचसं निघून जातं.

ज्या पदार्थात तो झणकाच हवा असतो, तिथे तेल तापवायचंच नाही. भाभींचा चोखा बघा. चार उकडलेले बटाटे, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, मीठ आणि वरून दोन चमचे कच्चं मोहरीचं तेल. तेच तेल तापवून घातलं तर चोखा नुसता बटाट्याचा लगदा लागतो.

खोबरेलाचंही असंच आहे. नारळाच्या दुधातल्या सालनात ते फोडणीला घातलं तरी चालतं, पण उकळत्या रश्श्याच्या वाफेबरोबर त्याचा वास हळूहळू निघून जातो. अम्मी फोडणी शेंगदाणा तेलाची द्यायची आणि गॅस बंद केल्यावर चमचाभर खोबरेल वरून सोडून झाकण ठेवायची. केरळात अवियलवर शेवटी कच्चं खोबरेल घालतात तेही त्याचसाठी. खोबरेलात तळता येत नाही असं मात्र नाही. केळ्याचे वेफर तिकडे त्यातच तळतात. फक्त आच सांभाळावी लागते. आणखी एक अडचण डब्याची. खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं. जानेवारीत सकाळी तळलेला मासा दुपारी थंड खाल्ला तर टाळूला मेणासारखा थर जाणवतो. हिवाळ्यात डब्यासाठी तळायचं असेल तर शेंगदाणा तेलच बरं.

रमजानमध्ये इफ्तारची भजी मी शेंगदाणा तेलातच तळते. एका वेळी कढई भरून टाकली तर तेल एकदम थंड होतं आणि भजी तेल पितात, म्हणून थोडी थोडी सोडायची. भज्यांतलं पाणी तेलाला हळूहळू मोडत असतं. उरलेलं तेल गाळून ठेवलं तरी दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे नीट बघावं. रंग गडद झाला असेल, वर येणारा फेस बसत नसेल किंवा मध्यम आचेवरच धूर येत असेल तर ते तेल संपलं. त्यात ताजं तेल मिसळून ते सुधारत नाही. अशा तळणीत खोबरेल तर ओतूच नये, दोन्हींच्या मिश्रणाला तळताना इतका फेस येतो की तो कढईबाहेर उतू जाऊ शकतो.

कडवं तेल तापवलं की मवाळ होतं, खोबरेल तापवलं की मुकं होतं आणि गोडं तेल तापलं तरी आपलं काम करत राहतं. वर्गातल्या त्या मुलाला मी एवढंच सांगितलं होतं की बाळा, ते केसांचं तेल नाही, त्याच्या आईने ते सगळ्यात शेवटी घातलंय म्हणून तुला इथपर्यंत वास आला.