ओळीला ओळ!

अहो, कुणी आधी का नाही सांगितलं हे! आजोबांच्या जुन्या आंतर्देशीय पत्राचा फोटो समोर ठेवून टाइप करताना ओळ संपली तिथे एंटर मारायचा की सगळं सलग परिच्छेदात लिहायचं, हा मला अगदीच क्षुल्लक प्रश्न वाटत होता. नाहीये तो क्षुल्लक!

हे बघा. फोटोतली ओळ ‘धाकटा ना’ इथे संपते आणि पुढची ‘शिकला नोकरीला आहे’ अशी सुरू होते. हाताने लिहिणारी जुनी माणसं कागदाची कड आली की शब्द तिथेच तोडायची, जोडरेघ वगैरे काही नाही. सलग टाइप करताना मध्ये एक स्पेस पडली की नाशिकला नोकरी करणारा काका अशिक्षित! ओळीला ओळ ठेवली की असा तुटका शब्द लगेच डोळ्यात भरतो. मी त्याच्यापुढे बरोबरचं चिन्ह टाकते: ‘ना=’. (पत्रात जमाखर्च असेल, तर दुसरं चिन्ह घ्यावं.)

दुसरी गंमत तपासणीची. लागोपाठ दोन ओळी ‘आहे’वर संपत असतील, तर नजर पहिल्या ‘आहे’वरून थेट तिसऱ्या ओळीवर उडी मारते आणि मधली अख्खी ओळ गळते. सलग मजकुरात हे कळतही नाही, कारण वाक्य बऱ्याचदा अर्थाला लागतं! ओळवार प्रतीत मात्र नुसत्या ओळी मोजायच्या: फोटोत बावीस, माझ्याकडे एकवीस. सापडली चोरी!

पण अशी तुकड्यातुकड्यांची प्रत मोबाइलवर वाचवत नाही, हेही खरं. मग? दोन्ही ठेवायच्या! ओळवार प्रतीवरून सलग प्रत केव्हाही करता येते. उलट जायचं तर पुन्हा फोटो घेऊन बसावं लागतं. टाइप करताना परिच्छेदांमध्ये एक रिकामी ओळ सोडायची, फाइलची नक्कल करायची आणि नकलेवर वर्डच्या फाइंड-रिप्लेसमध्ये, याच क्रमाने:

```
=^p    →  (रिकामं)
^p^p   →  @@
^p     →  (एक स्पेस)
@@     →  ^p
```

क्रम चुकला आणि तिसरी पायरी आधी झाली, तर सगळे परिच्छेद एकमेकांत मिसळतात. आणि ‘=’नंतर चुकून स्पेस पडली असेल, तर तो शब्द जुळतच नाही; म्हणून शेवटी ‘=’ शोधून पाहायचं, एकही उरता कामा नये.

पत्ता, सही, हिशेबाची यादी आणि मध्येच लिहिलेली ओवी यांना मात्र ही जादू लावायची नाही. त्यांच्या ओळी कागदाच्या कडेने नाही, लिहिणाऱ्याने ठरवलेल्या असतात. त्या नकलेतून आधी बाजूला काढायच्या आणि नंतर जागेवर ठेवायच्या. आणि समासात आडवा कोंबलेला तो ता.क.? तो मी शेवटी वेगळा घेते, वर चौकटी कंसात ‘डाव्या समासात, आडवं’ अशी नोंद करून. सलग प्रत भावंडांच्या ग्रुपवर, ओळवार प्रत फोटोशेजारी त्याच फोल्डरमध्ये.