पान सात, पान सोळा

बारावीचा निकाल लागला तेव्हा गणितात मला लेखी परीक्षेचे ८०पैकी ५८ गुण होते. पेपर सोडवून आल्यावर मी प्रश्नपत्रिकेवर पेन्सिलीने जो अंदाज मांडला होता, त्यात आणि या आकड्यात बरीच तफावत होती. मला बी.एस्सी.ला गणितच घ्यायचे होते आणि ज्या महाविद्यालयात जायचे होते तिथली गुणवत्ता यादी बारावीच्या गुणांवर लागते. म्हणून मी छायाप्रत मागवली.

गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन या दोन गोष्टींत आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची गल्लत होत होती. गुणपडताळणीला विषयामागे ५० रुपये लागतात. तिच्यात बेरीज बरोबर आहे का आणि एखादे उत्तर तपासायचे राहून गेले आहे का, एवढेच पाहतात. परीक्षकाने उत्तर वाचून शून्य दिले असेल, तर ते शून्य तसेच राहते. ते योग्य आहे का हे पुनर्मूल्यांकनात ठरते, पण त्यासाठी आधी ४०० रुपये भरून छायाप्रत घ्यावी लागते आणि ती हातात आल्यापासून कामाच्या पाच दिवसांत ३०० रुपयांसह अर्ज करावा लागतो. पाच दिवस ऐकायला पुरेसे वाटतात. पण त्यातच विषयशिक्षकांना गाठायचे, त्यांच्याकडून उत्तरपत्रिका तपासून घ्यायची आणि प्राचार्यांची सही आणायची असते.

छायाप्रत ई-मेलने आली. बेरीज बरोबर होती, न तपासलेले पान एकही नव्हते. म्हणजे गुणपडताळणीने काही हाती लागणार नव्हते.

बाबा ग्रामपंचायतीत कारकून आहेत, अर्ज लिहिण्यात त्यांचा हात बसलेला. त्यांनी रात्रीच मसुदा तयार केला. त्यात माझे दहावीचे गुण होते, वर्षभराचे कष्ट होते, घरची परिस्थिती होती आणि शेवटी ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ ही विनंती होती. दुसऱ्या दिवशी गणिताच्या मॅडमनी तो शांतपणे वाचला आणि बाजूला ठेवला. त्यांनी स्वतः अनेक वर्षे बोर्डाचे पेपर तपासलेत. म्हणाल्या, “अगं, जो हे उत्तर पुन्हा तपासेल, त्याच्यासमोर तू नसतेस, तुझी उत्तरपत्रिका असते. त्याला पान सांग, ओळ सांग आणि ती ओळ बरोबर का आहे ते सांग. बाकी सगळं काढ.”

मग आम्ही उत्तरपत्रिका पानापानाने वाचली. माझ्या यादीत तीन प्रश्न होते.

पहिला दोन गुणांचा, पान सातवर. sec⁴x · tan x याचे इंटिग्रेशन. वर्गात शिकवलेली रीत अशी: sec²x च्या जागी 1 + tan²x लिहायचे, tan x ला t धरायचे. उत्तर येते tan²x/2 + tan⁴x/4 + c. मी sec x ला u धरले होते. मग du म्हणजे sec x · tan x dx, उरते u³ चे इंटिग्रेशन आणि उत्तर sec⁴x/4 + c. तीन ओळींत संपले. शेजारी फुली आणि शून्य.

दोन्ही उत्तरे दिसायला वेगळी आहेत, हे खरे. पण sec⁴x म्हणजे (1 + tan²x)². तो कंस सोडवून चारने भागला की 1/4 + tan²x/2 + tan⁴x/4 मिळते. दोन उत्तरांत फरक आहे तो फक्त 1/4 चा, आणि तो c मध्ये सामावतो. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर असताना परीक्षकाची नजर नमुना उत्तरातली शेवटची ओळ शोधते आणि ती दिसली नाही की हात फुलीकडे जातो, असे मॅडमचे म्हणणे. मला तेव्हा राग आला होता आणि तो गैर होता असे मला अजूनही वाटत नाही. पण अर्जात रागाला जागा नव्हती. मॅडमनी मला त्या उत्तराचे डेरिव्हेटिव्ह काढून लिहायला लावले: sec³x · sec x tan x, म्हणजे दिलेलेच फंक्शन. ज्याला दोन उत्तरांची तुलना करत बसायचे नसेल, त्यालाही ही एक ओळ पुरते.

दुसरा प्रश्न चार गुणांचा, पान सोळावर. खोलीचे तापमान २५ अंश, वस्तू ३० मिनिटांत ८० अंशांवरून ५० वर येते, तर तासाभराने तिचे तापमान किती? न्यूटनच्या नियमाने समीकरण मांडून मी θ − 25 = 55e⁻ᵏᵗ इथपर्यंत आले होते. तिथे दोन गुण मिळाले होते. पुढे बहुतेक जण लॉग घेऊन k ची किंमत काढतात. मी ती काढली नव्हती. ३० मिनिटांनी 25 = 55e⁻³⁰ᵏ, म्हणजे e⁻³⁰ᵏ = 5/11. तासाभरासाठी e⁻⁶⁰ᵏ लागते आणि तो याच संख्येचा वर्ग आहे. म्हणून 55 × 25/121 म्हणजे ११.३६, त्यात २५ मिळवले की ३६.३६ अंश. उत्तर बरोबर होते, तरी शेवटच्या दोन पायऱ्यांचे दोन्ही गुण गेले होते. बहुधा एक k साठी राखलेला, आणि k नसल्यामुळे उत्तर कुठून आले असा संशय घेऊन दुसराही कापला गेला.

तिसरा प्रश्न व्हेक्टरचा. चारपैकी एक मिळाला होता आणि मला दोन हवे होते. मॅडमनी तो वाचला आणि यादीतून काढला. “इथे तुझी मांडणी अर्धी आहे. हा घातलास तर वाचणारा बाकीच्या दोघांकडेही त्याच नजरेने बघेल.” बाबांना ते पटले नाही, पैसे भरलेच आहेत तर सगळेच लिहावे, असे त्यांचे म्हणणे. मी मॅडमचे ऐकले. पुनर्मूल्यांकनात गुण कमीही होऊ शकतात, ही गोष्टही मनात होती.

शेवटी निवेदन एका पानात बसले. त्यातला मुख्य भाग असा होता:

“प्रश्न ११, उत्तरपत्रिकेचे पान ७: u = sec x घेऊन उत्तर sec⁴x/4 + c असे काढले आहे. या उत्तराचे डेरिव्हेटिव्ह दिलेल्या फंक्शनइतकेच येते. नमुना उत्तर tan x च्या रूपात असल्यास दोहोंतील फरक केवळ स्थिरांकाचा आहे. मिळालेले गुण ०, अपेक्षित २.

प्रश्न ३३, पान १६, खालून चौथ्या ओळीपासून: e⁻³⁰ᵏ = 5/11 यावरून e⁻⁶⁰ᵏ = 25/121 घेतले आहे. प्रश्नात k ची किंमत विचारलेली नाही. अंतिम उत्तर ३६.३६ अंश बरोबर आहे. मिळालेले गुण २, अपेक्षित ४.”

खाली मॅडमनी आपला अभिप्राय लिहिला, दोन्ही रीती ग्राह्य आहेत असा, आणि प्राचार्यांनी सही-शिक्का दिला.

निकाल आला तेव्हा गुण ६१ झाले होते. मागितले होते चार, वाढले तीन. कळवलेल्या पत्रात फक्त नवा आकडा होता. कोणत्या पायरीला काय मिळाले याची एक ओळही नव्हती. पानांचे आणि ओळींचे हिशेब मागणाऱ्या व्यवस्थेने उत्तरही तितक्याच तपशिलाने द्यायला हवे, असे मला वाटते. मॅडमचा तर्क असा की इंटिग्रेशनचे दोन्ही मिळाले आणि k चा एक गुण अडला. तसे असेल, तर त्या गुणावर माझा हक्क आहे असे मी आजही म्हणेन, कारण प्रश्न तापमानाचा होता आणि ते k शिवाय अचूक निघते. पण तो निकाल अंतिम होता. जुने गुणपत्रक जमा करून मी नवे घेतले आणि प्रवेश अर्जात ५८च्या जागी ६१ भरले.