आयडीव्हीचा आकडा

गाडी आमच्याच सोसायटीतल्या काकांची होती. 2018चं मॉडेल, 1197 सीसी, पेट्रोल. 2024च्या फेब्रुवारीत सौदा चार लाख दहा हजारांवर ठरला आणि काकांनी आरसी बुकाबरोबर विमा पॉलिसीची प्रत हातात ठेवली. तिच्यावर आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत, होती 2,85,000. काका दरवर्षी हप्ता कमी यावा म्हणून ती खालीच ठेवत आले होते. वीस वर्षांत एकही क्लेम नाही, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. पण गाडी आता माझ्या नावावर येणार होती आणि मी तिच्यासाठी चार लाख मोजणार होतो.

पाच वर्षांपर्यंतच्या गाडीची आयडीव्ही ठरलेल्या कोष्टकाने निघते. त्या मॉडेलच्या चालू शोरूम किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा होतो, चार ते पाच वर्षांच्या गाडीला पन्नास टक्के. पाच वर्षं उलटली की कोष्टक संपतं आणि कंपनी व मालक यांनी मिळून आकडा ठरवायचा असतो. त्यामुळे जुनी गाडी घेणाऱ्याला इथे बोलायला जागा असते, पण फक्त पॉलिसी सुरू होताना. चालू पॉलिसी नावावर करून घेतली तर जुनाच आकडा मुदत संपेपर्यंत चालतो. काकांची पॉलिसी मार्चमध्येच संपत होती, म्हणून मी ती नावावर करून घेतली आणि नूतनीकरणाची वाट पाहिली.

मार्चमध्ये एजंटने कोटेशन आणलं तेव्हा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता काकांच्या जवळजवळ दुप्पट होता. कारण साधं होतं. काकांचा पन्नास टक्के नो क्लेम बोनस त्यांच्या नावाचा, तो गाडीबरोबर येत नाही. मी शून्यापासून सुरू करणार होतो. एजंट म्हणाला, "सर, आयडीव्ही अजून थोडी खाली घेऊ, हप्ता आटोक्यात येईल." मी उलट विचारलं, वर नेली तर किती वाढेल? त्याने कंपनीची मर्यादा पाहिली. 3,90,000पर्यंत जाता येत होतं. सवलत वजा करून दर सुमारे 1.38 टक्के पडत होता, म्हणजे एक लाख पाच हजारांच्या वाढीला साधारण 1,450 रुपये, जीएसटी धरून 1,700. थर्ड पार्टीचे 3,416 रुपये दोन्हीकडे सारखेच, कारण तो दर सरकार ठरवतं आणि त्याचा आयडीव्हीशी संबंध नाही. मी 3,90,000 लिहायला सांगितलं.

मे महिन्यात मागचा बंपर फुटला. त्या क्लेममध्ये या वाढीव आकड्याचा काहीही उपयोग झाला नाही. सर्व्हेअरने प्लास्टिकच्या भागावर पन्नास टक्के घसारा धरला, वर हजार रुपये सक्तीची वजावट, बाकी कंपनीने दिले. जुन्या आयडीव्हीवरही नेमके एवढेच मिळाले असते. किरकोळ दुरुस्तीत सुट्या भागांचा घसारा बोलतो.

25 जुलैच्या पहाटे खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रोडवरच्या एकता नगरीत शिरलं. आमच्या पार्किंगमध्ये गाडी डॅशबोर्डच्या वरपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर सीटचा फोम दाबला की गढूळ पाणी निथळायचं आणि फ्यूज बॉक्समध्ये चिखल बसला होता. शेजारच्यांनी सांगूनही मी किल्ली फिरवली नाही. पाणी शिरलेलं इंजिन सुरू केलं आणि त्यामुळे ते बसलं, तर ते नुकसान साध्या पॉलिसीत कंपनी नाकारू शकते. गाडी टो करूनच वर्कशॉपला नेली.

सर्व्हेअरने पॉलिसीच्या अटींप्रमाणे दुरुस्तीचा खर्च 3,10,000 काढला. हा खर्च आयडीव्हीच्या पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. माझ्या आकड्यावर ती रेषा 2,92,500 होती, काकांच्या आकड्यावर 2,13,750. म्हणजे आयडीव्ही कमी ठेवली की भरपाई तर घटतेच, शिवाय दुरुस्त होण्यासारखी गाडीही लवकर भंगारात निघते. माझी गाडी दोन्ही रेषांच्या पलीकडे होती. आरसी, दोन्ही किल्ल्या आणि सह्या केलेले हस्तांतराचे फॉर्म दिले, सांगाडा कंपनीने नेला आणि खात्यात 3,89,000 जमा झाले. जुन्या आकड्यावर 2,84,000 आले असते.

त्याच पैशांत दुसरी वापरलेली गाडी घेतली, साडेसहा वर्षांची. या वेळी विकणाऱ्याची पॉलिसी संपायला बरेच महिने होते आणि तिच्यावरची आयडीव्ही सौद्याच्या किमतीपेक्षा लाखभर कमी. मी ती नावावर करून न घेता पहिल्याच दिवसापासून नवी पॉलिसी काढली. कंपनीचा माणूस गाडी तपासून फोटो काढून गेला आणि त्याच्यासमोरच आकडा ठरला.