छाती तर हलायली की!

मरणोत्तर अवयवदान हे कर्तव्य की दान, यावर व्यासपीठावरून बोलणं सोपं आहे. तिथं देणारा मेलेला असतो आणि मेलेल्याला काहीच लागत नाही, असं म्हणता येतं. प्रत्यक्षात हा प्रश्न मेलेल्याला कुणी विचारत नाही. तो आयसीयूबाहेरच्या बाकावर, दोन रात्री न झोपलेल्या माणसांना विचारला जातो.

आमच्या ओळखीतला बदनापूरकडचा एक मुलगा दुचाकीवरून पडला. हेल्मेट नव्हतं. जालन्यात टाके पडले आणि रुग्णवाहिकेतून त्याला संभाजीनगरला हलवलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मेंदू मृत झाल्याचं सांगितलं, तेव्हा त्याचे चुलते एवढंच म्हणाले, "साहेब, छाती तर हलायली की!"

त्यांचं चुकलं नव्हतं. छाती हलत होती, हात कोमट होते, मॉनिटरवर ठोके दिसत होते. छाती यंत्र हलवत होतं, हे समजावण्यासाठी डॉक्टरांनी श्वासाची चाचणी कशी करतात ते सांगितलं. रुग्णाला आधी भरपूर ऑक्सिजन देतात, मग व्हेंटिलेटर काढून आठ-दहा मिनिटं छाती आणि पोट उघडं ठेवून पाहतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत जातो. मेंदूचा देठ जिवंत असेल तर तो साठा माणसाला श्वास घ्यायला लावतोच. ठरावीक पातळी ओलांडूनही पोट जरासुद्धा हललं नाही, तर श्वासाचं केंद्र संपलेलं असतं. कमीत कमी सहा तासांनी सगळ्या चाचण्या पुन्हा करतात. प्रमाणपत्रावर चार डॉक्टरांच्या सह्या लागतात आणि त्यातला एकही प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला चालत नाही. कोमातला माणूस परत येऊ शकतो, यातून येत नाही.

चुलत्यांना ते पटलं असावं. पण पुढचे प्रश्न निराळे होते. अजून किती तास लागतील? पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन वेगळं होईल का? गावाकडं लोक थांबलेत, त्यांना काय सांगायचं? आणि शेवटी मुलाच्या आईनं विचारलं, "त्याला चाललं असतं का?" याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. त्या घरानं नकार दिला.

मी त्यांना कर्तव्य चुकवलं असं म्हणणार नाही. 1994 च्या कायद्यानंही तसं म्हटलेलं नाही. माणसानं स्वतः लिहून ठेवलेलं नसेल, तर निर्णय नातेवाइकांचा. लिहून ठेवलेलं असलं तरी रडत्या आईचा नकार ओलांडून शस्त्रक्रिया करायला आपल्याकडचे डॉक्टर धजत नाहीत. स्पेननं 1979 पासून कायद्यात संमती गृहीत धरली आहे. तिथंही घरच्यांना विचारल्याशिवाय पुढं जात नाहीत. त्या देशाचं यश रुग्णालयातल्या प्रशिक्षित समन्वयकांमुळे आहे, असं तिथले जाणकारच सांगतात.

शिवाय कर्तव्य म्हटलं की परतफेडही बघावी लागते. काढलेलं हृदय साधारण चार तासांत दुसऱ्याच्या छातीत बसावं लागतं, मूत्रपिंड एक दिवस टिकतं. म्हणजे देणारा भोकरदनचा असला तरी घेणारा बहुधा मोठ्या शहरात, प्रत्यारोपणाचा आणि नंतर जन्मभराच्या औषधांचा खर्च पेलणारा. मंठ्याचा डायलिसिसवरचा शेतमजूर त्या प्रतीक्षायादीत नावसुद्धा घालू शकत नसेल, तर त्याच्या भावाला आम्ही कर्तव्य कोणत्या तोंडानं सांगायचं? तोवर हे दानच आहे, आणि ते घरच्यांचं आहे.

नेत्रदानाच्या बाबतीत मात्र मी एवढा उदार नाही. तिथं व्हेंटिलेटर नाही, छाती हलत नाही, संभाजीनगरला जाणं नाही. माणूस घरी, म्हातारपणानं गेला तरी चालतं. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, मधुमेह होता, तरीही बहुतेकदा चालतं. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत बुबुळ काढावं लागतं. तोवर पंखा बंद करायचा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि नेत्रपेढीला फोन करायचा. पंधरा-वीस मिनिटांचं काम, चेहरा विद्रूप होत नाही. हे इतकं सोपं आहे की इथं नकार देताना कारण सांगायची जबाबदारी नकार देणाऱ्यावर येते, असं मला वाटतं.

आणि एक कर्तव्य जिवंत माणसाचं आहे, ते म्हणजे सांगून ठेवण्याचं. त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर फक्त मुलगाच देऊ शकत होता, तेही धडधाकट असताना. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संस्थेच्या, म्हणजे नोटोच्या, संकेतस्थळावर आधारच्या मदतीनं प्रतिज्ञा नोंदवता येते. तेवढ्यावर थांबू नका, जेवताना घरात बोला. हो म्हणायचं असेल तर हो, नको असेल तर नकोही सांगा. कागदी प्रतिज्ञापत्र भरणार असाल तर लक्षात ठेवा, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि त्यातला एक जवळचा नातेवाईकच असावा लागतो.