आगळ घोटाघोटाने पीत नाहीत

‘कोकणच्या निसर्गरम्य मातीतून थेट तुमच्या घरी! पिढ्यानपिढ्यांच्या परंपरेतलं शुद्ध, आरोग्यदायी कोकम आगळ प्रत्येक घोटात देईल अविस्मरणीय अनुभव.’ एआयकडून लिहून घेतलेला असा जाहिरातीचा मजकूर सुधारायला घेतला की पहिला मोह भाषा सैल करण्याचा होतो. मध्ये एखादं ‘बरं का’ पेरायचं, शेवटी ‘तुमचीच ताई’ लिहायचं. त्याने काही साधत नाही, कारण दुखणं भाषेचं नसून माहितीचं आहे. ‘कोकम आगळ’ काढून तिथे लोणचं किंवा उदबत्ती घाला. ‘घोट’ सोडला तर सगळं तसंच चालतं. आणि नेमका तो घोटच चुकीचा आहे. आगळ म्हणजे मिठात सुटलेला कोकमाचा रस. तो इतका खारट-आंबट असतो की तसाच कुणी पीत नाही.

दुकानदार बोलतो ते गिऱ्हाइकाच्या प्रश्नांना धरून. आगळ घेणारे काय विचारतात? याचं सरबत होतं का, सोलकढीला किती घालायचं, तळाशी हे काय बसलंय? मजकूर तिथूनच लिहावा: ‘हे आगळ आहे, अमृत कोकम नव्हे. यात साखर नाही, मीठ भरपूर आहे. सोलकढीसाठी वाटीभर नारळाच्या दुधात आधी दोन चमचे घाला, चव बघा, मीठ लागलंच तर नंतर. सरबत करायचं तर पाणी आणि साखर तुम्हाला घालावी लागेल. तळाशी गाळ बसतो, बाटली हलवून घ्या.’ यात एकही लाडिक शब्द नाही, तरी बोलणारं माणूस दिसतं, कारण बाटली उघडल्यावर काय होणार हे त्याला ठाऊक आहे.

यावर कुणी म्हणेल, खारट आहे, गाळ बसतो, असं आपणच सांगितलं तर गिऱ्हाईक बिचकेल. काही जण बिचकतीलही. पण ते सरबत समजून बाटली नेणारे असतात, आणि पहिल्याच पेल्यानंतर तक्रार त्यांचीच येते. इंटरनेटवरच्या शोधात माल सापडायला हवा, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्यासाठी शीर्षकात ‘कोकम आगळ, सोलकढीसाठी, बिनसाखरेचं’ एवढं पुरतं. विशेषणांची माळ नको.

भाषेपेक्षा कडक तपासणी दाव्यांची हवी. ‘पचन सुधारतं’, ‘वजन घटतं’ अशी वाक्यं यंत्र सहज लिहून टाकतं. पण खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांसाठी ‘एफएसएसएआय’चे 2018चे नियम आहेत, आणि आधार नसलेल्या दाव्याचा जाब विक्रेत्याला द्यावा लागतो. ‘पिढ्यानपिढ्या’चंही तसंच. धंदा तीन वर्षांपूर्वी सुरू झाला असेल तर तीन वर्षंच लिहा.