चालत्या माणसाचा कुर्ता

आपल्याच फोटोवर नवा कपडा घालून बघायची सोय आता बऱ्याच ऑनलाइन दुकानांत आहे. सरळ उभ्या माणसावर ते बरं जमतं. चालत्या माणसावर मात्र कुर्ता पुठ्ठ्यातून कापून चिकटवल्यासारखा दिसतो. मी याच कामात आहे, त्यामुळे असे पुठ्ठे रोज बघते.

माझ्या बहिणीचा एक फोटो घ्या. जीन्स आणि टी-शर्ट घालून ती डावीकडून उजवीकडे रस्ता ओलांडतेय, आणि तिला हवाय गुडघ्यापर्यंतचा, बाजूला कट असलेला, सैल बाह्यांचा कुर्ता. प्रोग्रॅम आधी जुना कपडा पुसतो. पुसलेल्या जागेला मास्क म्हणतात आणि नवा कपडा तेवढ्यातच रंगवला जातो. मास्क पायांना चिकटून आखला, तर घेराला उडायला जागाच उरत नाही, कुर्त्याची लेगिंग होते. म्हणून तो पायांच्या मागे वीतभर तरी रुंद हवा. पण फार रुंद केला की मागचा रस्ताही नव्याने रंगवावा लागतो. फुटपाथची कड कुर्त्याजवळ वाकडी झालेली दिसली, तर समजा तेच झालंय.

आता कापड. पुढे टाकलेली मांडी कुर्त्याचा पुढचा भाग ढकलते, मागचा भाग रेंगाळतो, आणि मधला कट उघडून जीन्स दिसते. कट मिटलेला असेल तर तो कुर्ता उभ्या मॉडेलचाच आहे.

बाहीचं कोडं मला जास्त आवडतं. एकाच फोटोवरून हात पुढे चाललाय की मागे, हे कसं ओळखायचं? पायाकडे बघून. डावं पाऊल हवेत असेल, तर डावा पाय पुढे येतोय आणि त्याच्या जोडीने उजवा हात पुढे येतोय. मग उजव्या बाहीचं सैल कापड मागे राहायला हवं. बाही घट्ट असेल तर हा प्रश्नच नाही, ती हाताबरोबर जाते.

उरला धूसरपणा. कॅमेरा स्थिर, शटर 1/50 सेकंद, चाल सेकंदाला दीड मीटर: तेवढ्यात अंग 3 सेंटीमीटर सरकतं. पण जमिनीवर टेकलेलं पाऊल सरकत नाही, ते स्पष्ट येतं. पुढे येणारा हात अंगापेक्षा वेगात असतो म्हणून जास्त पुसट, मागे जाणारा कमी. पुसट पंजावर रेखीव मनगटपट्टी आली की डोळ्याला लगेच खटकतं, कारण सांगता आलं नाही तरी.

हे सगळं जुळवलं तरी कापडाचं वजन फोटोत नसतं. जाड खादी आणि जॉर्जेट हँगरवर सारखे दिसू शकतात, चालताना नाही. कापडाचं नाव दुकानाच्या माहितीत असेल तर निदान अंदाज बांधता येतो. नसेल तर बहिणीच्या मागे उडणारा तो घेर आम्ही आमच्या मनाने काढलेला असतो, आणि पैसे ती मोजणार असते.